सेल्स एक्झिक्युटिव्हचा रेझ्युमे: ‘जबाबदाऱ्यां’च्या ओळी कामगिरीच्या ओळी कशा करायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत किराणा, जनरल स्टोअर्स आणि मेडिकल दुकानांत माल विकणाऱ्या, म्हणजे रोज बीटवर जाणाऱ्या सेल्स एक्झिक्युटिव्हना समोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. उदाहरण म्हणून सगळीकडे एकच काल्पनिक उमेदवार घेतला आहे. तो बिस्किटं-फरसाण बनवणाऱ्या कंपनीसाठी ठाणे पश्चिमेत काम करतो. सोमवार ते शनिवार त्याच्या सहा बीट आहेत: नौपाडा, चरई, वर्तकनगर, लोकमान्यनगर, वागळे इस्टेट आणि मानपाडा. दर बीटवर ४० दुकानं, म्हणजे एकूण २४०.

माझ्या रेझ्युमेत सगळं काम लिहिलेलं आहे. मग त्यात चुकतं काय?

अशा रेझ्युमेत साधारण ही ओळ असते: ‘नेमून दिलेल्या भागातील दुकानांना भेटी देणे, ऑर्डर घेणे, वसुली करणे आणि टार्गेट पूर्ण करणे.’ ओळ खोटी नाही, पण ती तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. त्याच पदावर काम करणारा, महिन्यातले दहा दिवस बीटवर न जाणारा माणूसही हीच ओळ लिहू शकतो. ओळ वाचणारा एरिया सेल्स मॅनेजर स्वतः याच कामातून वर आलेला असतो. ऑर्डर घेणं आणि वसुली करणं हे पदाचं काम आहे, हे त्याला ठाऊक असतं. भाग तुमच्या हातात आला तेव्हा त्याची काय अवस्था होती आणि तुम्ही सोडलात तेव्हा काय झाली, हे त्याला कळायला हवं असतं.

स्वतःची ओळ तपासायची असेल तर ती तुमच्या शेजारच्या बीटवरच्या सहकाऱ्याच्या रेझ्युमेत ठेवून पाहा. तिथेही ती जशीच्या तशी खरी ठरत असेल, तर ती जबाबदारीची ओळ आहे.

कामगिरीच्या ओळीत नेमकं काय असावं लागतं?

चार गोष्टी: तुम्ही काय केलंत ते सांगणारं क्रियापद, ते कुठे आणि किती मोठ्या भागात केलंत, आधी आणि नंतरचा आकडा, आणि तो बदल कोणत्या उपायामुळे झाला. चौथी गोष्ट बहुतेक जण गाळतात, आणि मुलाखतीत सगळ्यात जास्त प्रश्न तिच्यावरच येतात. ‘विक्री ३० टक्क्यांनी वाढवली’ असं कोणीही लिहितो. ‘अडकलेले एक्स्पायरी क्लेम मिटवून बंद पडलेली ३४ दुकानं सुरू केली’ हे बाजारात फिरलेला माणूसच लिहू शकतो.

आकडे आणायचे कुठून? आमच्याकडे कोणी असे रिपोर्ट देत नाही.

बहुतेकांकडे आकडे असतात, फक्त ते एका जागी नसतात. ऑर्डर घेण्याचं ॲप असेल तर त्यात दिवसाच्या भेटी, त्यातल्या प्रॉडक्टिव्ह भेटी, बिलांची संख्या आणि एका बिलात किती लाइन लागल्या, हे सगळं दिसतं. डिस्ट्रिब्युटरच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून दुकानवार विक्री आणि थकबाकी निघते. इन्सेंटिव्हच्या पत्रकावर टार्गेट आणि पूर्तता महिन्यागणिक छापलेली असते. शिवाय व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज संध्याकाळी टाकलेला ‘टोटल कॉल ४०, प्रॉडक्टिव्ह १६’ असा मेसेज हाही तारखेसकट पुरावाच असतो.

नोकरी सोडण्याआधी यातले आपल्या कामाचे आकडे वहीत उतरवून ठेवा. कंपनीच्या फाइली, दुकानांच्या याद्या किंवा डिस्ट्रिब्युटरचे दर स्वतःच्या मेलवर पाठवू नका. ती कंपनीची माहिती आहे, आणि रेझ्युमेला तिची गरजही नाही. तुम्हाला हवेत ते महिन्याचे पाच-सहा आकडे: भेटी, बिलं, सेकंडरी विक्री, चालू दुकानांची संख्या, थकबाकी.

जुनी नोकरी सोडून वर्ष-दोन वर्षं झाली असतील तर इन्सेंटिव्ह जमा झाल्याच्या बँकेतल्या नोंदी आणि ग्रुपवरचे जुने मेसेज यांवरून अंदाज बांधता येतो. असा आकडा ‘सुमारे’ म्हणून लिहा आणि पूर्णांकात ठेवा. आठवणीतून काढलेला आकडा ‘२७.४ टक्के’ असा लिहिलात की पहिल्याच प्रश्नाला अडचण होते.

‘आधीचा’ आकडा कोणता धरायचा? मागचा महिना की मागचं वर्ष?

मागच्या वर्षीचा तोच काळ, आणि शक्यतो तीन महिने एकत्र. आपल्या धंद्यात महिन्यामहिन्याची तुलना फसवी असते. २०२३ मध्ये दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर होती, २०२४ मध्ये ती ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर आली, आणि २०२५ मध्ये ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. दुकानदार दिवाळीचा माल आधीच भरतो. त्यामुळे फक्त ऑक्टोबर ते ऑक्टोबर तुलना केलीत तर दिवाळी सरकल्याची वाढ तुमच्या नावावर जमा होते. सणाचे महिने घ्यायचेच असतील तर सप्टेंबर ते नोव्हेंबर एकत्र घ्या.

दुसरी अडचण करांची. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं आणि फरसाणावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. त्याआधी तो बिस्किटांवर १८ आणि पाकीटबंद फरसाणावर १२ टक्के होता. तुमच्या रिपोर्टमधली विक्री करासकट असेल तर या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे रुपये सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. अशा वेळी रुपये सोडून पेट्यांत किंवा किलोंत मोजा. दरम्यान कंपनीने भाव किंवा पाकिटाचं वजन बदललं असेल तरी हाच नियम. म्हणूनच आपल्या उदाहरणात एप्रिल ते जून २०२४ आणि एप्रिल ते जून २०२५ हे काळ घेतले आहेत: दोन्हींत दिवाळीसारखा मोठा सण नाही आणि कर सारखाच आहे.

एक ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदलून दाखवा.

मूळ ओळ: ‘ठाणे पश्चिम भागातील रिटेल आउटलेट हाताळणे व विक्री वाढवणे.’

आधी या ओळीमागे प्रत्यक्ष काय घडलं ते साध्या बोलीत लिहून काढायचं, रेझ्युमेची भाषा डोक्यात न आणता. आपल्या उमेदवाराने बीट हातात घेतली तेव्हा २४० पैकी ५८ दुकानांनी तीन महिन्यांत एकही बिल घेतलं नव्हतं. त्याने त्या ५८ दुकानांत जाऊन कारण विचारलं. २७ दुकानांत मुदत संपलेला माल पडून होता. आधीच्या माणसाने तो बदलून देतो म्हणून सांगितलं आणि दिला नाही. १९ दुकानदार म्हणाले की कंपनीचा माणूस कधी येतो ते कळत नाही, म्हणून होलसेलमधून उचलतो. उरलेली १२ दुकानं बंद झाली होती किंवा मालकाने धंदा बदलला होता.

मग त्याने २७ दुकानांतल्या जुन्या मालाची यादी केली आणि फोटो काढून डिस्ट्रिब्युटरमार्फत क्लेम लावला. क्रेडिट नोट हातात आल्यावरच त्या दुकानांत नवी ऑर्डर मागितली. १९ दुकानांसाठी भेटीचा वार पक्का केला आणि तो मोडला नाही. पहिल्या गटातली २२ आणि दुसऱ्या गटातली १२ अशी ३४ दुकानं परत सुरू झाली. चालू दुकानं १८२ वरून २१६ वर गेली. रोजच्या ४० भेटींत आधी सरासरी १६ बिलं निघत, ती २४ झाली.

आता यातून ओळ काढायची. पहिला मसुदा बहुधा असा होतो: ‘बंद आउटलेट पुन्हा चालू करून विक्रीत लक्षणीय वाढ केली.’ यातलं ‘लक्षणीय’ काढा आणि त्याच्या जागी आकडा ठेवा. नंतर उपाय जोडा, काळ जोडा. शेवटी ओळ अशी उभी राहते:

‘ठाणे पश्चिमेतील सहा बीटांवर (२४० दुकानं) ५८ बंद खात्यांपैकी ३४ पुन्हा सुरू केली, अडकलेले एक्स्पायरी क्लेम मिटवले व भेटीचा वार निश्चित केला. ४० भेटींमागे बिलं १६ वरून २४ (एप्रिल–जून २०२४ ते एप्रिल–जून २०२५).’

एक बारकावा लक्षात घ्या. आठवड्याला सहा दिवस धरले तर बिलं ९६ वरून १४४ झाली, म्हणजे ४८ बिलं वाढली. सुरू झालेली दुकानं ३४ आहेत. ती सगळी दर आठवड्याला बिल घेत होती असं मानलं तरी उरलेली निदान १४ बिलं आधीपासून चालू असलेल्या दुकानांतूनच आली. ठरलेल्या वारी जाण्याचा फायदा त्यांनाही झाला. म्हणून ओळीत ‘३४ दुकानं सुरू केल्यामुळे बिलं वाढली’ असं लिहिलेलं नाही, दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत. हिशेब करणारा मॅनेजर हा फरक पकडतो.

४० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, तर वाढ २० टक्के की ५० टक्के?

४० भेटींत १६ बिलं म्हणजे ४० टक्के, २४ बिलं म्हणजे ६० टक्के. प्रमाण २० टक्केबिंदूंनी वाढलं, आणि बिलांची संख्या ५० टक्क्यांनी वाढली. ‘स्ट्राइक रेट २० टक्क्यांनी वाढवला’ असं लिहिणं चूक आहे, आणि ‘५० टक्के वाढ’ एवढंच लिहिलं तर नक्की कशात वाढ झाली ते कळत नाही. सगळ्यांत सुरक्षित म्हणजे दोन्ही आकडे लिहिणं: ‘४० टक्क्यांवरून ६० टक्के’. वाचणारा स्वतः वजाबाकी करतो आणि तुमच्यावर शंका घेत नाही. पाया लहान असेल तेव्हा तर हे आवश्यकच आहे. २ दुकानांची ६ झाली ही २०० टक्के वाढ आहे, पण तशी लिहिली तर दिशाभूल होते.

विक्रीचा आकडा प्रायमरी लिहू की सेकंडरी?

सेकंडरी, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडून दुकानात गेलेला माल. प्रायमरी म्हणजे कंपनीकडून डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात आलेला माल, आणि तो महिनाअखेरीला ढकलता येतो. मार्चमध्ये टार्गेटसाठी गोदाम भरलं की एप्रिल-मेमध्ये प्रायमरी खाली येते. रेझ्युमेत मार्चचा प्रायमरीचा आकडा दिसला की अनुभवी मॅनेजर ‘त्या वेळी डिस्ट्रिब्युटरकडे क्लोजिंग स्टॉक किती दिवसांचा होता?’ असं विचारतोच. उत्तर ४५ दिवसांचा असेल तर ती विक्री तुम्ही केली असं तो मानत नाही.

आपल्या उमेदवाराचं उदाहरण घेऊ. आधी दिवसाला १६ बिलं, सरासरी बिल १,१५० रुपये. २६ दिवसांची सेकंडरी ४,७८,४०० रुपये. नंतर २४ बिलं, सरासरी बिल १,००० रुपये, म्हणजे ६,२४,००० रुपये. वाढ ३० टक्के. सरासरी बिल खाली आलं आहे, कारण नव्याने सुरू झालेली दुकानं आधी थोडा माल उचलतात. हा आकडा रेझ्युमेत घालायची गरज नाही, पण मुलाखतीत विचारला तर लपवू नका. कारण ठाऊक असलेला उतरता आकडा तुमच्याविरुद्ध जात नाही.

त्या वर्षी तुमच्या एरियाची एकूण वाढ किती होती, हेही जवळ ठेवा. एरिया १२ टक्के वाढला आणि तुमच्या बीट ३० टक्के, हे एका वाक्यात आलं की वाढ बाजारामुळे झाली की तुमच्यामुळे, हा प्रश्न बराचसा सुटतो.

वसुलीची ओळ कशी लिहावी? ‘१०० टक्के वसुली केली’ चालेल?

न लिहिलेलं बरं. रोज नवी उधारी तयार होत असते, त्यामुळे १०० टक्के कशाचे हेच सांगता येत नाही. उधारी दिवसांत मोजा. बाजारातली थकबाकी भागिले दिवसाची सरासरी विक्री. आधी थकबाकी ५ लाख होती. महिन्याची विक्री ४,७८,४०० भागिले ३० म्हणजे दिवसाला सुमारे १५,९५० रुपये. म्हणजे उधारी ३१ दिवसांची. नंतर थकबाकी ३,७५,००० आणि दिवसाची विक्री २०,८०० रुपये, म्हणजे १८ दिवस.

उपाय साधा होता: दोन बिलं थकली की तिसरं निघणार नाही, आणि लहान दुकानांची बिलं माल उतरवतानाच यूपीआयने. ओळ अशी: ‘मासिक सेकंडरी विक्री ४.७८ लाखांवरून ६.२४ लाख, त्याच काळात बाजारातील उधारी ३१ दिवसांवरून १८ दिवस, दोन-बिल मर्यादा लागू करून.’ आमच्या मते दोन्ही आकडे एकाच ओळीत असणं ही या ओळीची खरी ताकद आहे. उधारी सैल सोडून विक्री वाढवणं सोपं असतं, आणि वाचणाऱ्याला ते माहीत असतं. उधारी कमी होत असताना विक्री वाढली तर तो थांबून वाचतो.

क्रियापदं कोणती वापरायची? रेझ्युमे तर इंग्रजीत असतो.

‘रिस्पॉन्सिबल फॉर’, ‘हँडल्ड’, ‘इन्व्हॉल्व्ड इन’, ‘लुकिंग आफ्टर’ ही सुरुवात काढून टाका. ती फक्त तुम्ही तिथे होता एवढंच सांगते. त्याऐवजी कामाला चिकटणारं क्रियापद घ्या. बंद खाती सुरू केली तर ‘रिव्हाइव्ह्ड’, जुनी थकबाकी मिळवली तर ‘रिकव्हर्ड’, उधारीचे दिवस घटवले तर ‘रिड्यूस्ड’, नवी दुकानं जोडली तर ‘ओपन्ड’ किंवा ‘ॲडेड’, होलसेलमधून उचलणारा दुकानदार थेट खरेदीवर आणला तर ‘कन्व्हर्टेड’, नव्या मुलांना बीटवर नेऊन शिकवलं तर ‘ट्रेन्ड’.

क्रियापद पदापेक्षा मोठं झालं तर उलटं होतं. ‘स्पीअरहेडेड’ किंवा ‘लेड’ असं लिहिलंत की हाताखाली किती माणसं होती हा प्रश्न येतो. हाताखाली कोणी नव्हतं तर ‘रॅन’, ‘बिल्ट’ अशी साधी क्रियापदंच भक्कम वाटतात. सोडलेल्या नोकरीसाठी भूतकाळ, चालू नोकरीत संपलेल्या कामालाही भूतकाळ. आणि एकच क्रियापद सलग चार ओळींत आलं, तर बहुधा चार वेगळी कामं एकाच शब्दाखाली दडली आहेत. ती वेगळी करा.

स्कीम कंपनीची होती, माल पोचवला डिस्ट्रिब्युटरने. मग श्रेय मी कसं घेऊ?

तुमचा वाटा नेमका सांगून. कंपनीने १२ पाकिटांवर १ मोफत दिलं, तर ती स्कीम ‘राबवली’ असं लिहिण्यात काही नाही, ती सगळ्या भागांत होती. पण ती स्कीम तुमच्या २४० पैकी किती दुकानांपर्यंत गेली, आणि स्कीम संपल्यावर किती दुकानांनी पुन्हा तोच माल मागितला, हे तुमचं काम आहे. दुसरा आकडा जास्त मोलाचा, कारण तो स्कीमच्या पलीकडचा आहे. तिघांनी मिळून काम केलं असेल तर ‘तीन जणांच्या टीममध्ये’ असं लिहून आपल्या बीटचा आकडा द्या, पूर्ण टीमचा नको.

टार्गेट पूर्ण झालं नाही, तर काय लिहू?

टार्गेट आणि वाढ या वेगळ्या गोष्टी आहेत. टार्गेट ८६ टक्केच झालं, पण मागच्या वर्षापेक्षा विक्री वाढली असेल, तर वाढ लिहा आणि टार्गेटचा उल्लेख सोडा. विचारलं तर खरं सांगा. विक्रीही घटली असेल तर दुसरं मोजमाप शोधा: चालू दुकानं, एका बिलातल्या लाइन, परत आलेला माल, उधारी. यातलं काहीच सुधारलं नसेल तर त्या नोकरीखाली दोन ओळी पुरेत: भागाचा आकार आणि तुम्ही सांभाळलेली विक्री. न झालेली वाढ रचून लिहू नका. ठाणे-नवी मुंबईच्या वितरण क्षेत्रात एरिया मॅनेजर आणि डिस्ट्रिब्युटर एकमेकांना ओळखतात, एका फोनवर आकडा तपासला जातो.

आकडे गोपनीय आहेत, असं कंपनी म्हणते.

रुपयांऐवजी टक्के, दुकानांची संख्या आणि दिवस लिहा. ‘३१ दिवसांवरून १८’ यातून कंपनीचा कोणताही व्यवहार उघड होत नाही. डिस्ट्रिब्युटरचं नाव, त्याचं मार्जिन, दुकानदारांची नावं आणि अजून बाजारात न आलेला माल यांपैकी काहीही लिहू नका. प्रतिस्पर्धी कंपनीत अर्ज करताना तर हे जास्तच पाळा. जुन्या कंपनीची माहिती सहज सांगणारा उमेदवार आपलीही सांगेल, असा विचार मुलाखत घेणारा करतो.

एका नोकरीखाली किती ओळी, आणि किती लांब?

चालू नोकरीखाली चार-पाच, आधीच्या नोकरीखाली दोन-तीन. प्रत्येक ओळ पानावर दोन ओळींपेक्षा पुढे जाऊ नये. गेली तर उपायाचा तपशील मुलाखतीसाठी राखून ठेवा, ओळीत आकडे आणि काळ ठेवा. भारतीय कंपन्यांसाठी लाखांतच लिहा, मिलियनमध्ये बदलू नका. सर्वांत वर भाग, दुकानांची संख्या आणि मासिक विक्री सांगणारी एकच साधी ओळ ठेवा. ती जबाबदारीची असली तरी चालते, कारण खालचे सगळे आकडे किती मोठ्या पायावरचे आहेत ते तिच्यामुळेच कळतं.